गुण सारखेच २१, आजार मात्र वेगळे

"आई हल्ली गप्पच असते. विचारलं तर उत्तर देते, पण आपणहून काही करत नाही. कशात लक्षच राहिलेलं नाही तिचं."

स्मृतिभ्रंशाच्या तपासणीसाठी येणाऱ्यांच्या चाचण्या घेणं हे माझं काम. वरचं वाक्य मी थोड्याफार फरकाने जवळपास रोज ऐकते. यात 'आई विसरते' असं कुणी म्हटलेलं नाही. अल्झायमरमध्ये घरच्यांच्या तोंडी पहिल्यांदा येतं ते विसरणं. कालचं बोलणं आठवत नाही, तोच प्रश्न दहा वेळा विचारला जातो. पण काही डिमेन्शियांची सुरुवात विसरण्याने होतच नाही. त्यातले तीन नेहमी एकमेकांत मिसळले जातात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे होणारा तो व्हॅस्क्युलर डिमेन्शिया. मेंदूच्या पुढच्या आणि कानशिलाजवळच्या भागाला धरणारा तो फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया. आणि मेंदूच्या पेशींत एका प्रथिनाच्या गाठी साचून होणारा तो लुई बॉडी डिमेन्शिया.

तिघांतही माणूस सुरुवातीला गप्प होतो, मंदावतो, त्याचा उत्साह जातो. म्हणून पहिलं निदान पुष्कळदा 'डिप्रेशन' किंवा 'वय झालं' असं होतं. दुसरं निदान एमआरआयच्या रिपोर्टवरून होतं, आणि खरी फसगत तिथे होते. एका बाईंच्या बाबतीत हे कसं घडलं ते आधी सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

पांढऱ्या डागांचा रिपोर्ट

बाई ७१ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. दीड वर्षापासून गप्प गप्प. स्वयंपाक करताना गोंधळ व्हायचा, घराला कुलूप लावता यायचं नाही, दोनदा घरातच पडल्या होत्या. रक्तदाब पूर्वीपासूनचा, गोळी चालू. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'मेंदूच्या श्वेतद्रव्यात लहान रक्तवाहिन्यांच्या विकाराचे बदल' असं लिहिलेलं. रक्तदाब आहे, मेंदूत डाग आहेत आणि माणूस मंदावलाय, असा हिशेब जुळला आणि फाईलवर 'व्हॅस्क्युलर डिमेन्शिया' असं लिहिलं गेलं.

श्वेतद्रव्य म्हणजे मेंदूच्या एका भागाला दुसऱ्या भागाशी जोडणाऱ्या तारांचे जुडगे. त्यांना रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या अगदी बारीक असतात आणि खोलवर एकेकट्या गेलेल्या असतात. एखादी बंद पडली तर शेजारची मदतीला येऊ शकत नाही. रक्तदाब, मधुमेह आणि वय यांनी त्या कडक व अरुंद होतात, आणि त्या भागात एमआरआयवर पांढरे डाग दिसतात. साठी ओलांडलेल्या बहुतेकांच्या मेंदूत असे थोडेफार डाग सापडतातच, ठणठणीत माणसांतही. त्यामुळे डाग आहेत का या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. ते किती आहेत, हे पाहावं लागतं. त्यासाठी फाझेकास नावाची शून्य ते तीन अशी साधी श्रेणी वापरतात. सुटे ठिपके असतील तर एक, ठिपके एकमेकांना भिडू लागले असतील तर दोन, आणि एकत्र होऊन मोठे पट्टे झाले असतील तर तीन. बाईंची श्रेणी एक होती. घराला कुलूप लावता येत नाही इतका गोंधळ एवढ्याशा ठिपक्यांनी होत नाही.

पण ही शंका कधी येणार? चाचणीतले गुण नुसते मोजण्याऐवजी ते कुठे गेले हे कुणी पाहिलं तर.

तीस गुणांचा कागद

मोका नावाची तीस गुणांची चाचणी जगभर वापरली जाते. साधारण दहा-पंधरा मिनिटं लागतात. २६ किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे ठीक, असा ढोबळ दंडक आहे. शिक्षण कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. ज्यांचा हात पेन्सिलीला कधी सरावलेलाच नाही त्यांच्या चित्रांवरून निष्कर्ष काढताना फार जपावं लागतं. शिक्षिका बाईंबाबत तो प्रश्न नव्हता. त्यांना २१ गुण मिळाले.

त्याच महिन्यात आलेल्या ६८ वर्षांच्या एका काकांनाही २१ गुण मिळाले. ते एका कार्यालयात हिशेब सांभाळायचे. फायलीत दोघांचाही आकडा एकच, '२१/३०'. कागद उलगडून शेजारी शेजारी ठेवले तर दोन निराळे मेंदू दिसतात.

आधी काकांचा कागद पाहू, कारण खऱ्या व्हॅस्क्युलर डिमेन्शियाचं चित्र त्यात स्वच्छ दिसतं.

चाचणीत पाच शब्द वाचून दाखवतात आणि साधारण पाच मिनिटांनी विचारतात. समजा शब्द होते गुडघा, रेशीम, पूल, कमळ, निळा. काकांना बराच वेळ विचार करून दोनच आठवले. पाचांपैकी दोन गुण. चाचणी इथेच पुढे सरकली तर कुणीही म्हणेल की स्मरणशक्ती गेली. पण इथे एक पायरी असते, आणि घाईत ती पुष्कळदा गाळली जाते. न आठवलेल्या शब्दाचा इशारा द्यायचा. "काका, एक शब्द शरीराच्या अवयवाचा होता." काका लगेच म्हणाले, "गुडघा!" फुलाचा इशारा दिला तर "कमळ". तिसराही इशाऱ्यावर निघाला. इशाऱ्याने आठवलेल्या शब्दांना गुण नसतात, म्हणून बेरजेत याचा मागमूसही राहत नाही. निदानाच्या दृष्टीने मात्र त्या कागदावरची सर्वांत मोलाची नोंद तीच.

कारण त्यातून कळतं की शब्द डोक्यात नोंदला गेला होता. ठेव सुरक्षित होती, वेळेवर काढून आणणं जमत नव्हतं. आठवणी साठवण्याचं काम हिप्पोकॅम्पस करतो. हव्या त्या क्षणी त्या शोधून आणण्याचं काम कपाळामागचा मेंदू करतो, आणि ते तो खोलवरच्या तारांमार्फत करतो. लहान रक्तवाहिन्यांचा विकार तोडतो त्या तारा. अल्झायमरमध्ये मुळात नोंदच होत नाही, म्हणून इशारा देऊनही माणूस कोराच राहतो, किंवा भलताच शब्द सांगतो.

काकांचे बाकीचे गुण गेले तेही याच वाटेने. १ वरून अ, अ वरून २, २ वरून ब अशी रेघ ओढत जायचं असतं. दोन क्रम मनात धरून आलटून पालटून चालावं लागतं. काका १, २, ३ असे सरळ निघाले. शंभरातून सात, पुन्हा सात असं वजा करताना तीन पायऱ्या बरोबर आल्या, पुढे अडकले. ज्यांनी आयुष्यभर आकडेच पाहिले, त्या माणसाचं हे. एका मिनिटात 'प'ने सुरू होणारे शब्द सांगा म्हटलं तर पाच सांगून थांबले, लागतात अकरा. घड्याळ काढताना गोल नीट होता, आकडेही जागच्या जागी. मग 'अकरा वाजून दहा मिनिटं' दाखवायला सांगितली तर एक काटा अकरावर ठेवला आणि दुसरा चक्क दहाच्या आकड्यावर. 'दहा' ऐकलं आणि हात दहाकडे गेला. त्या आकड्याला थोपवून 'दहा मिनिटं म्हणजे दोनवर काटा' असं भाषांतर करायला पुढचा मेंदू लागतो. घनाची आकृती मात्र त्यांनी हुबेहूब उतरवली.

आणि प्रत्येक गोष्टीला वेळ लागत होता. चुका त्या मानाने थोड्या, संथपणा जास्त. नुसत्या गुणांच्या चाचणीत संथपणा मोजलाच जात नाही, म्हणून मी कागदाच्या कडेला वेळ लिहून ठेवते.

घरच्यांकडून आणखी दोन गोष्टी कळल्या. स्मृतीपेक्षा आधी चालणं बिघडलं होतं. पाय जमिनीला चिकटल्यासारखे, पावलं आखूड, दोन पायांत अंतर जास्त. पण हात मोकळे हलायचे, पाठ ताठ, चेहरा जिवंत. आणि वर्षभरापासून लघवी लागली की थांबता येत नव्हतं. प्रोस्टेटची तपासणी करून झाली होती, त्यात काही निघालं नव्हतं. संथपणा, लवकर बिघडलेली चाल आणि लघवीची घाई हे त्रिकूट एकत्र दिसलं की खोलवरच्या वाहिन्यांकडे बोट जातं. काकांच्या एमआरआयवर डागांची श्रेणी तीन होती, शिवाय पक्षाघाताच्या बारीक जुन्या झटक्यांचे खड्डेही होते. तसा झटका आल्याचं घरात कुणालाच माहीत नव्हतं.

व्हॅस्क्युलर डिमेन्शिया पायऱ्या उतरल्यासारखा वाढतो, असं पुस्तकात असतं. झटका येतो, एकदम खाली; मग काही महिने स्थिर; पुन्हा झटका. मोठ्या वाहिन्यांच्या बाबतीत ते खरंही आहे. झटक्यानंतर तीन महिन्यांच्या आत बुद्धीत घसरण दिसली तर संबंध उघड असतो. पण लहान वाहिन्यांच्या प्रकारात पायऱ्या नसतात, हळूहळू उतार असतो. 'झटका कधी आलाच नाही, मग हे कसं असेल?' हा प्रश्न म्हणूनच फसवा आहे.

बाईंचा कागद

आता शिक्षिका बाईंकडे. पाच शब्दांपैकी चार त्यांनी इशाऱ्याशिवाय सांगितले. तारीख, वार, महिना, ठिकाण सगळं बरोबर, सहापैकी सहा. प्राण्यांची नावं बरोबर, 'आगगाडी आणि सायकल यांत काय सारखं?' याचं उत्तर नेमकं. एवढंच ऐकलं तर या बाईंना काही झालेलंच नाही असं वाटेल.

मग मी कोरा कागद पुढे केला आणि घड्याळ काढायला सांगितलं. गोल आला. बारा आकडे त्यांनी उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीने कोंबले, चार आणि पाच एकमेकांवर चढले, डावी बाजू रिकामी. काटे गोलाच्या बाहेर. त्या कागदाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे बरोबर नाही, एवढं कळतंय मला. पण कुठं चुकलं ते दिसत नाही." मी शेजारी नीट काढलेलं घड्याळ ठेवलं आणि म्हटलं, "बाई, आता हे बघून काढा." बघूनही तसंच झालं. घनाच्या जागी चार-पाच रेघा, एकमेकींना न भेटणाऱ्या. या विभागात पाचपैकी एक गुण, तोही गोलाचा. लक्ष देण्याच्या भागात सहापैकी तीन.

नमुना समोर असतानाही चित्र बिघडतं तेव्हा अडचण आखणीची नसते. डोळ्यांना दिसलेलं मेंदूत नीट जुळत नसतं. काकांना वेळ ठरवता आली नाही, आकृती मात्र उतरवता आली. बाईंना आकृतीच उतरवता येईना. लुई बॉडी डिमेन्शियाच्या सुरुवातीला अगदी हेच दिसतं. दृष्टी आणि अवकाशाचं भान ढासळतं, लक्ष टिकत नाही आणि स्मृती त्या मानाने शाबूत राहते. मेंदूच्या मागच्या, दृष्टी सांभाळणाऱ्या भागाचं काम यात मंदावलेलं असतं. ज्या रसायनावर लक्ष आणि जागेपण अवलंबून असतं, त्या अ‍ॅसिटिलकोलीनचा तुटवडाही लवकर पडतो. कुलूप लावता न येणं, सदऱ्याच्या बाहीत हात घालताना गडबडणं, पायरीची खोली न कळणं या घरातल्या तक्रारी त्या घड्याळाच्याच जातीच्या.

पण एका चित्रावर निदान करायचं नसतं. त्या चित्राने फक्त पुढचे प्रश्न कोणते विचारायचे हे ठरतं. चार प्रश्न आहेत, आणि ते घरच्यांना थेट विचारावे लागतात. आपणहून कुणी सांगत नाही.

पहिला प्रश्न चढउताराचा. "आजच्या दिवसात आणि कालच्या दिवसात फरक असतो का?" नवरा म्हणाला, "फरक? सकाळी ही पेपर वाचून मला बातमी समजावून सांगते, आणि दुपारी मला विचारते की हे कुणाचं घर." असे फरक तासातासाला किंवा दिवसादिवसाला होतात. सोबत दिवसा पेंगणं, दोन-दोन तास झोपणं, शून्यात बघत बसणं, मधूनच बोलणं असंबद्ध होणं. यांतल्या तीन गोष्टी असतील तर संशय बळावतो. बाईंच्या बाबतीत चारही होत्या. थकल्यावर जरा गोंधळ होणं कुणालाही होतं, ते यात धरायचं नाही. पण काही तासांत किंवा एकदोन दिवसांत नव्याने गोंधळ सुरू झाला, तर आधी लघवीचा संसर्ग, ताप, शरीरातल्या क्षारांची गडबड आणि नवीन सुरू झालेलं औषध हे पाहायचं. तो प्रकार वेगळा, उपचारही तातडीचा.

दुसरा प्रश्न दिसण्याचा. 'भास होतात का' असं विचारलं की लोक 'नाही' म्हणतात, कारण त्या शब्दात वेडाची छटा ऐकू येते. मी विचारते, "घरात कुणी बसलेलं दिसतं का? मुलं, माणसं, मांजर, कुत्रा?" बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "संध्याकाळी खिडकीजवळ दोन मुलं बसतात. बोलत नाहीत. बसतात आणि जातात." नवऱ्याने हे पहिल्यांदाच ऐकलं. लुई बॉडीतली दृश्यं अशीच असतात. स्पष्ट, अंगभर कपडे घातलेली, बहुतेकदा मुकी, पुन्हा पुन्हा तीच. सुरुवातीला पुष्कळांना कळतही असतं की ते खरं नाही. दृष्टी फार कमी झालेल्यांनाही अशी दृश्यं दिसू शकतात, म्हणून डोळ्यांची तपासणी हवीच. त्यांच्या बाबतीत मात्र बुद्धी जागेवर असते.

तिसरा प्रश्न झोपेचा, आणि तो शेजारी झोपणाऱ्याला विचारायचा. "झोपेत ओरडतात का? हातपाय मारतात का?" नवरा म्हणाला, "आठ-नऊ वर्षं झाली. एकदा मला गुद्दा मारला, म्हणून आम्ही खाट वेगळी केली." स्वप्न पडत असताना मेंदू शरीराचे स्नायू सैल करून ठेवतो, म्हणून आपण स्वप्नातलं धावणं अंथरुणात धावत नाही. मेंदूच्या देठातली ही व्यवस्था बिघडली की माणूस स्वप्न जगायला लागतो, विशेषतः पहाटेच्या बाजूला. लुई बॉडीच्या गाठी देठातल्या या भागात पुष्कळदा लवकर पोहोचतात. त्यामुळे हे लक्षण डिमेन्शियाच्या कित्येक वर्षं आधी दिसू शकतं. आठ-नऊ वर्षांपूर्वीची ती वेगळी केलेली खाट हा या आजाराचा पहिला पुरावा होता, आणि फाईलमध्ये तो कुठेच नव्हता.

चौथा प्रश्न चालीचा. बाई पुढे वाकून चालायच्या, हात अंगाशी, चेहऱ्यावरचे भाव कमी झालेले. थरथर नव्हती. या आजारात ती नसूही शकते. काकांचे पाय अडकत होते पण वरचं शरीर मोकळं होतं. बाईंचं अख्खं शरीरच आखडलेलं. दोघांच्या फायलीत एकच नोंद होती, 'चाल मंद'.

चढउतार, दृश्यं, स्वप्नातली हालचाल आणि कंपवातासारखं आखडलेपण ही २०१७ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांतली चार मुख्य लक्षणं. डिमेन्शियासोबत यांतली दोन असली तरी निदान 'संभाव्य' नव्हे, 'बहुधा हेच' या पातळीला जातं. बाईंमध्ये चारही होती. आधी कंपवात होऊन वर्षभराहून अधिक काळाने डिमेन्शिया आला, तर त्याला कंपवातातला डिमेन्शिया म्हणतात. ती सीमारेषा डॉक्टरांच्या सोयीसाठी आहे, गाठी त्याच.

चुकीचं नाव पडलं की काय होतं

हा भेद निव्वळ शास्त्रीय नाही, हे बाईंच्या बाबतीतच दिसलं. माझ्याकडे येण्याच्या काही आठवडे आधी त्या एका रात्री घाबरून ओरडल्या होत्या, आणि त्यांना झोपवण्यासाठी हॅलोपेरिडॉल दिलं गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांना खाटेवरून उठता येईना, अंग लाकडासारखं, घास गिळताना ठसका. घरच्यांना वाटलं आजार वाढला.

हे औषध हालचाल सांभाळणाऱ्या डोपामीन या रसायनाची वाट अडवतं, आणि लुई बॉडीच्या रुग्णात डोपामीन आधीच तुटपुंजं असतं. अशा रुग्णांपैकी बऱ्याच जणांना त्याची तीव्र प्रतिक्रिया येते, क्वचित जिवावरही बेतते. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन या तशाच औषधांबाबतही हीच सावधगिरी हवी. फाईलवर 'व्हॅस्क्युलर' लिहिलेलं असलं की औषध लिहिणाऱ्याला ही भीती आठवण्याचं कारणच उरत नाही. म्हणून निदानाची खात्री नसली तरी 'लुई बॉडीचा संशय' ही तीन शब्दांची नोंद फायलीच्या पहिल्या पानावर असावी, असा माझा आग्रह असतो. चालू औषध मात्र घरच्या घरी एकदम थांबवू नये, डॉक्टरांना कळवूनच ते थांबवावं.

ज्याचे गुण उत्तम येतात

फ्रंटोटेम्पोरलबद्दल मी आतापर्यंत काहीच बोलले नाही, कारण तो या कागदात सापडत नाही. ५४ वर्षांचे एक गृहस्थ बायकोसोबत आले होते. त्यांना २८ गुण मिळाले. घड्याळ सुंदर, घन सुंदर, पाचही शब्द आठवले. 'प'चे शब्द मात्र सातच, त्यातही दोन पुन्हा पुन्हा, आणि एक गुण दोन वस्तूंमधलं साम्य सांगताना गेला. चाचणीच्या निकषाने माणूस ठणठणीत. चाचणी चालू असताना त्यांनी माझ्या टेबलावरचा पेला उचलून पाणी प्यायलं, विचारलंही नाही.

बायको म्हणाली, "मी न्हाणीघरात घसरून पडले. हे दारात आले, माझ्याकडे पाहिलं, आणि मला ओलांडून टॉवेल घेऊन गेले." भांडण नव्हतं, राग नव्हता. तिचं दुखणं त्यांच्यापर्यंत पोहोचलंच नाही. पूर्वीचा हळवा माणूस. सोबत आणखीही काही होतं. गोडाची अनावर ओढ, पोट भरलं तरी खाणं. रोज त्याच वेळी त्याच रस्त्याने चालणं, पावसातही. अनोळखी बाईच्या वजनावर मोठ्याने शेरा. आणि स्वतःबद्दल विचारलं की "मला काही झालेलं नाही", मनापासून.

फ्रंटोटेम्पोरलच्या या वागणूक बदलवणाऱ्या प्रकाराचे २०११ साली ठरलेले सहा निकष आहेत. संयम सुटणं, उदासीनता, सहानुभूती आटणं, त्याच त्या कृती करत राहणं, खाण्यात बदल, आणि सहावा चाचण्यांमधला. नियोजन बिघडलेलं पण स्मृती आणि आकृतींचं भान त्या मानाने टिकलेलं. यांतले तीन असले आणि घसरण होत असली की संशय घ्यायचा. वय बहुधा ४५ ते ६५, म्हणजे नोकरी, कर्ज, मुलांची शिक्षणं अंगावर असतानाचं. म्हणून हे लोक आधी समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जातात. बायकोने काकुळतीने सांगितलेलं 'हे बदललेत' हे वाक्य नवराबायकोचं भांडण म्हणून ऐकलं जातं, आणि २८ गुणांचा कागद तिच्या विरोधात पुरावा ठरतो. हे पाहताना मला दर वेळी वाईट वाटतं.

सुरुवातीला सांगितलेला गप्पपणा इथे पुन्हा पाहता येतो. डिप्रेशनमध्ये माणूस दुःखी असतो आणि त्याला ते जाणवत असतं. लहान वाहिन्यांच्या विकारात तो आपणहून उठत नाही, पण "चला काका, फिरून येऊ" म्हटलं की येतो, आणि नातवाला लागलं तर कळवळतो. लुई बॉडीत गप्पपणा झोपेसारखा, येतो आणि जातो. फ्रंटोटेम्पोरलमध्ये तो ना दुःखी असतो, ना पेंगुळलेला. त्याला फक्त वाटेनासं झालेलं असतं. तो रस्ता चुकत नाही, पण कुठे कसं वागायचं हे चुकतो.

इथे गुणांच्या कागदापेक्षा जवळच्या माणसाची मुलाखत कामाची, रुग्णाला बाहेर बसवून घेतलेली. चेहऱ्यांचे फोटो दाखवून 'याला काय वाटतंय' हे विचारण्याच्या चाचण्याही उपयोगी पडतात. या गृहस्थांना भीतीचा चेहराही 'ठीक आहे' वाटला, रागाचाही. एमआरआयवर पुढचा भाग आक्रसलेला दिसतो, पण सुरुवातीला स्कॅन नॉर्मलही येऊ शकतो. घरात आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला असाच आजार किंवा स्नायू वाळत जाण्याचा विकार होता का, हे विचारायचं राहू नये, कारण काही घराण्यांत तो जनुकांतून येतो. आणि अल्झायमर व लुई बॉडीत उपयोगी पडणारं डोनेपेझिल इथे फायद्याचं ठरत नाही, उलट काहींची चिडचिड वाढवतं. चुकीच्या नावाची किंमत इथेही आहेच.

जिथे रेषा पुसट होतात

तीन माणसं निवडून दाखवली की भेद सोपा वाटतो, रोजच्या कामात तो तसा नसतो. सत्तरीनंतरच्या मेंदूत एकापेक्षा जास्त विकार एकत्र नांदणं ही सर्रास गोष्ट आहे. लुई बॉडीच्या गाठींसोबत अल्झायमरचे बदल, वर वाहिन्यांचा विकार. तेव्हा इशारा देऊनही शब्द आठवत नाहीत, आणि दृश्यंही दिसतात. मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमससारख्या एखाद्या मोक्याच्या जागी झटका बसला तर इवल्याशा जखमेनेही वागणूक फ्रंटोटेम्पोरलसारखी बदलू शकते, फक्त ती एका दिवसात बदलते. आणि आजार चार-पाच वर्षं पुढे गेला की तिघांचे कागद एकमेकांसारखे दिसू लागतात. म्हणून मी नेहमी पहिल्या एकदोन वर्षांचं विचारते. आत्ता काय काय जमत नाही यापेक्षा सगळ्यात आधी काय गेलं, हे महत्त्वाचं. घरच्यांना ते आठवायला वेळ लागतो. एखाद्या लग्नाच्या, प्रवासाच्या आधारे मागे जात जात सापडतं.

शिक्षिका बाईंचं हॅलोपेरिडॉल डॉक्टरांनी बंद केलं, अ‍ॅसिटिलकोलीन टिकवून धरणारं रिवास्टिग्मिन हळूहळू वाढवत सुरू केलं. नवऱ्याने वहीत तास लिहायला घेतले, जाग चांगली कधी, गुंगी कधी. त्यावरून कळलं की त्यांचे चांगले तास सकाळी दहा ते बाराचे. पुढची चाचणी मुद्दाम त्याच वेळेत, चाचणीचा दुसरा नमुना वापरून घेतली. २४ गुण आले, वाढलेले तिन्ही लक्ष देण्याच्या भागातले. खिडकीतली मुलं आता आठवड्यातून एखाद्या वेळीच येतात. घड्याळाचे आकडे मात्र या वेळीही उजव्याच बाजूला गर्दी करून होते.